रविवार या पानावर की पुढच्या?

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत वार रविवारपासून सुरू होतात. त्याच भिंतीला लागून ठेवलेल्या टेबलावरच्या साप्ताहिक प्लॅनरमध्ये मात्र पहिला रकाना बऱ्याचदा सोमवारचा असतो. यात छपाईची चूक कुठेच नाही. आठवडा कुठून मोजायचा याच्या या दोन जुन्या रीती आहेत आणि दोन्हींना आपापलं कारण आहे. ज्याचं काम सोमवार ते शुक्रवार चालतं त्याला यातली कुठलीही चालते, कारण ते पाच दिवस दोन्ही मांडण्यांत सलगच राहतात. अडचण होते ती शनिवार-रविवारी ज्याच्या अंगावर काम असतं त्याची. कोकण किनाऱ्यावर घरगुती निवास, खाणावळ किंवा पर्यटकांची होडी चालवणाऱ्यांची सगळी धावपळ नेमकी या दोन दिवसांत असते. म्हणून इथे प्लॅनर विकत घेताना मुखपृष्ठाच्या आधी पहिला वार बघावा.

आधी रविवारचं कारण. वारांचा जो क्रम आपण म्हणतो तो होरांच्या हिशेबातून येतो. एका अहोरात्रात 24 होरा आणि प्रत्येक होरेला एक ग्रह स्वामी. ग्रह घ्यायचे ते आकाशात सगळ्यात हळू सरकणाऱ्यापासून: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. सातांच्या तीन फेऱ्या झाल्या की 21 होरा संपतात आणि तीन उरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा यादीत तीन घरं पुढच्या ग्रहाची येते. सूर्यापासून मोजलं तर शुक्र, बुध, चंद्र, म्हणून रविवारनंतर सोमवार. चंद्रापासून पुन्हा वरून शनी, गुरू, मंगळ, म्हणून मंगळवार. बोटांवर मोजून सातही वार असे काढता येतात. पण हा हिशेब फक्त क्रम सांगतो, सुरुवात सांगत नाही. रहाटाच्या माळेत पहिलं गाडगं कुठलं, असं विचारण्यासारखंच आहे ते. सूर्याला ग्रहांत पहिला मान असल्यामुळे पंचांगात वार रविवारपासून मोजले गेले आणि दिनदर्शिकेने तीच रीत उचलली.

पश्चिमेकडेही जुनी मोजणी रविवारचीच. ज्यू परंपरेत विश्रांतीचा दिवस सातवा, आणि तो शनिवारी येतो. मग पहिला दिवस रविवारच होणार. ही मोजणी आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज भाषेबरोबर आली. त्या भाषेत सोमवारला सेगुंदा-फेइरा म्हणतात, म्हणजे दुसरा दिवस, आणि शुक्रवार हा सहावा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या मोजणीने सहाव्या दिवशी भरतो.

सोमवारचं कारण सुटीत आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठपुराव्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. एकदा सुटी रविवारी पडली की कामाचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि आधी काम मग विसावा या माणसाच्या सवयीने रविवार आपोआप शेवटी जाऊन बसतो. तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक ISO 8601 हे 1988 मध्ये आलं, त्यातही आठवडा सोमवारपासूनच धरला आहे. युरोपातले बहुतेक प्लॅनर तसेच छापतात आणि त्यांच्या नमुन्यावरून बनलेल्या, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक वह्याही. उलट भारतासाठी लावलेल्या मोबाइलचं कॅलेंडर सहसा रविवारी सुरू होतं. रेल्वेच्या तिकिटांच्या संकेतस्थळावर गाडीचे वार पाहिले, तर ते `M T W T F S S` असे सोमवारपासून. एकाच घरात, एकाच दिवशी माणूस दोन्ही मांडण्या वाचत असतो.

पान उघडल्यावर काय बदलतं

साप्ताहिक प्लॅनरचा नेहमीचा आकार ए5. एक पान 148 मिलिमीटर रुंद आणि 210 उंच. आठवडा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरतो. शिलाईकडे साधारण 12 मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेला 8 मिलिमीटर सोडले की एका पानावर 128 मिलिमीटर रुंदी लिहायला उरते. उभे रकाने पाडायचे तर 32 मिलिमीटरचे चार बसतात. दोन पानांवर आठ. वार सात, रकाने आठ, म्हणून एक नोंदींसाठी मोकळा ठेवतात.

आता वार भरून बघा. सोमवारपासून सुरू केलं तर डावीकडे सोम, मंगळ, बुध आणि नोंदी, उजवीकडे गुरू, शुक्र, शनी, रवी. वहीची घडी बुधवार-गुरुवारच्या मध्ये पडते आणि आठवड्याचा सगळा उत्तरार्ध एकाच पानावर राहतो. रविवारपासून सुरू केलं तर डावीकडे रवी, सोम, मंगळ, बुध आणि उजवीकडे गुरू, शुक्र, शनी. शनिवारनंतर पान संपलं. रविवार बघायला पान उलटावं लागतं.

आडव्या चौकटींच्या प्लॅनरमध्ये वेगळीच गोम आहे. 210 मिलिमीटर उंचीतून वरचा मथळा आणि खालची समास मिळून 25 मिलिमीटर गेले की 185 उरतात. एका पानावर तीन चौकटी पाडल्या तर प्रत्येक चौकट सुमारे 61 मिलिमीटरची, म्हणजे 7 मिलिमीटरच्या अंतराने आठ ओळी. दोन पानांवर अशा चौकटी होतात सहा आणि वार तर सात. मग सोमवारी सुरू होणाऱ्या प्लॅनरमध्ये छापणारे शनिवार-रविवारला एकाच चौकटीत अर्धं-अर्धं बसवतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी. कचेरीत बसणाऱ्याला तेवढ्या पुरतात. पण ज्याच्या अंगणात शनिवारी तीन गाड्या लागतात त्याला मंगळवारच्या आठ ओळी रिकाम्या आणि शनिवारच्या चार ओळींत तीन खोल्यांची नावं, जेवणं, मासळी आणि येणं-जाणं कोंबायचं, असं होतं. म्हणजे सोमवारचा प्लॅनर घेतला म्हणून काम झालं असं नाही. आतली पानं उलटून शनिवार-रविवारला पूर्ण चौकट आहे का ते बघायलाच हवं. या धंद्यासाठी अर्ध्या चौकटीचा, सोमवारी सुरू होणारा प्लॅनर घेऊ नये, त्यापेक्षा सात सारख्या रकान्यांचा, रविवारी सुरू होणारा परवडला.

मे 2026 चा पहिला शनिवार-रविवार

तारकर्लीसारख्या ठिकाणचं तीन खोल्यांचं घरगुती निवास धरू. 1 मे 2026, महाराष्ट्र दिन, शुक्रवारी आला आहे. मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी दुपारी येणार, शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री राहणार आणि रविवारी 3 तारखेला सकाळचे घावणे खाऊन निघणार.

महिन्याच्या पानावर अशी नोंद रेघ ओढून करतात. ज्या दिवशी पाहुणे येतात त्या चौकटीच्या मध्यापासून ज्या दिवशी जातात त्या चौकटीच्या मध्यापर्यंत. सोमवारी सुरू होणाऱ्या पानावर 1, 2 आणि 3 मे पहिल्याच ओळीत उजव्या कडेला शेजारी-शेजारी बसतात. एक अखंड रेघ. रविवारी सुरू होणाऱ्या पानावर 1 आणि 2 पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाला आणि 3 दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाला. रेघ शनिवारच्या कडेला तुटते आणि खाली पुन्हा सुरू व्हावी लागते. घाईत खालचा तुकडा ओढायचा राहिला की पान सांगतं, पाहुणे शनिवारीच गेले. मग शनिवारी रात्रीची खोली रिकामी समजून दुसऱ्याला कबूल केली जाते. ही चूक बाकी वारी होत नाही, कारण मधल्या दिवशी रेघेला तुटायला जागाच नसते.

त्यावर साधा उपाय आहे. रेघेच्या सुरुवातीला "ये" आणि शेवटी "जा" लिहायचं. ज्या रेघेला "जा" नाही ती संपलेली नाही, पुढची ओळ बघायची. खोलीचा क्रमांक तुटलेल्या दोन्ही तुकड्यांवर लिहायचा, नाहीतर तीन खोल्यांच्या तीन रेघांपैकी खालची कुठली कुणाची ते कळत नाही.

याच मे महिन्यात दुसरा फरक दिसतो. सोमवारपासून मांडलं तर 1 ते 3, 4 ते 10, 11 ते 17, 18 ते 24 आणि 25 ते 31, बरोबर पाच ओळी. रविवारपासून मांडलं तर 31 तारखेचा रविवार एकटाच सहाव्या ओळीत जातो. बहुतेक छापील पानांवर पाचच ओळींची जागा असते, म्हणून 24 आणि 31 एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून छापतात. मेअखेरीच्या हंगामात दोन रविवारांना मिळून एक चौकट!

नियम असा की 31 दिवसांच्या महिन्याची 1 तारीख शेवटच्या दोन रकान्यांपैकी एकात पडली, किंवा 30 दिवसांच्या महिन्याची शेवटच्या रकान्यात पडली, तर सहा ओळी लागतात. 2026 मध्ये रविवारी सुरू होणाऱ्या मांडणीत हे मे आणि ऑगस्टमध्ये होतं, सोमवारी सुरू होणाऱ्या मांडणीत मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. एकूण संख्या बघितली तर रविवारी मांडणी बरी. पण निवास चालवणाऱ्याने संख्या बघून चालत नाही, आपला गर्दीचा महिना सापडतो का ते बघावं लागतं.

पैशांच्या वहीतही रविवार असाच मधे येतो. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री दोन्ही मांडण्यांत एकाच आठवड्यात पडतात, म्हणून किती रात्री खोल्या भरल्या हा आकडा बिघडत नाही. पण बिल रविवारी निघताना चुकतं होतं आणि चादरी धुवायलाही रविवारीच पडतात. रविवारी मांडणीत त्या पैशांची नोंद पुढच्या आठवड्यात जाते. आठवड्याच्या जमेला आठवड्याच्या रात्रींनी भागून कुणी सरासरी काढली तर ती दर आठवड्याला भलतीच येते. खात्याची बेरीज प्रत्येक वेळी चोख आणि तरी सरासरी वरखाली होत असेल, तर आधी रविवारची जमा कुठल्या पानावर आहे ते बघा.

"पुढच्या आठवड्यातल्या रविवारी"

फोनवरच्या बोलण्यात तर एक अख्खा आठवडा इकडचा तिकडे होतो. बुधवार, 29 एप्रिल 2026. फोन येतो, "काकू, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येतो, चार माणसं." बोलणाऱ्याच्या मोबाइलवर आठवडा रविवारी सुरू होतो. त्याचा चालू आठवडा 26 एप्रिल ते 2 मे, पुढचा 3 मेपासून, आणि त्यातला रविवार म्हणजे 3 मे. ऐकणारीच्या प्लॅनरमध्ये आठवडा सोमवारी सुरू होतो. तिचा चालू आठवडा 27 एप्रिल ते 3 मे, पुढचा 4 ते 10, आणि त्यातला रविवार 10 मे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि माणसं सात दिवस आधी दारात.

"येत्या रविवारी" म्हटलं तर हा घोळ होत नाही, कारण त्यात आठवडा येतच नाही, बुधवारनंतरचा पहिला रविवार एवढाच अर्थ राहतो. तरी वाराबरोबर तारीख म्हणून घ्यावी: "म्हणजे रविवारी, 3 तारखेला ना?" नोंद घेणाऱ्याने एवढं एक वाक्य न चुकता बोलायचं.

चूक झालीच तर ती कुठून आली हे अंतरावरून ओळखता येतं. सोमवार ते शनिवारमधली नोंद एका दिवसाने सरकली असेल, तर कुणीतरी वाराचं नाव न वाचता रकान्याची जागा बघून लिहिलं आहे. डावीकडून तिसरा रकाना सोमवारी मांडणीत बुधवार असतो आणि रविवारी मांडणीत मंगळवार. सवय झाली की डोळा नाव वाचत नाही, जागाच बघतो. रविवारची नोंद नेमकी सात दिवसांनी चुकली असेल, तर ती "या आठवड्यातला" किंवा "पुढच्या आठवड्यातला" यावरून चुकली. पहिल्यावर इलाज म्हणजे घरातल्या सगळ्या वह्या आणि मोबाइल एकाच मांडणीवर आणणं. गूगल कॅलेंडरमध्ये सेटिंग्जमधल्या `General` मध्ये `Start of the week` असा पर्याय असतो, तिथे वार बदलता येतो. भिंतीवरची दिनदर्शिका बदलता येत नाही आणि बदलूही नये, तिथे तिथी बघायची असते. तिच्यावर फक्त बुकिंग लिहू नये.

आठवा रकाना

आपल्या भाषेत आठवड्याला "आठ दिवस" म्हणतात. "आठ दिवसांनी ये" म्हणजे आज रविवार तर येत्या रविवारी, दोन्ही टोकं धरून आठ. प्लॅनरमधला मोकळा आठवा रकाना याच मोजणीने वापरला की रविवारी मांडणीची मोठी अडचण सुटते. रवी, सोम, मंगळ, बुध डावीकडे, गुरू, शुक्र, शनी उजवीकडे, आणि शनिवारनंतरच्या नोंदींच्या रकान्यावर पेनाने पुढच्या रविवारची तारीख टाकायची. गुरुवारची खोल्यांची साफसफाई, शुक्रवारचं येणं, शनिवारची मासळी आणि रविवारचं जाणं एकाच पानावर येतं. घेताना एवढंच बघायचं की नोंदींचा रकाना उजव्या टोकाला आहे, डावीकडे किंवा मधे नाही.

यात धोका एकच. रविवार आता दोन ठिकाणी आहे, या पानाच्या शेवटी आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला. म्हणून वाटणी ठरवून घ्यायची: आठव्या रकान्यात फक्त जाणारे पाहुणे, आणि रविवारी नव्याने येणारे पुढच्या पानावर. दोन्हीकडे सगळं लिहायला गेलं की एखादी नोंद एकीकडे खोडली जाते आणि दुसरीकडे राहते.

सोमवारी मांडणीतही हा रकाना लागतो, पण क्वचित. सुटी सोमवारी जोडून आली की तिथलीही रेघ तुटते. 26 जानेवारी 2026 सोमवारी होता. शनिवार-रविवार एका पानावर आणि जाण्याचा सोमवार पुढच्या पानावर. रविवारी मांडणीत त्याच वेळी शनिवार एकीकडे आणि रविवार-सोमवार दुसरीकडे. म्हणजे शनिवार ते सोमवार अशी सुटी दोन्हींत तुटते, फक्त जागा वेगळी.

गणपतीचा आठवडा मात्र रविवारी मांडणीच्या बाजूने आहे. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. आदल्या रविवारी चाकरमानी घरी पोचलेले, माटवी बांधायची, पूजेचं सामान बघायचं, आणि सोमवारी गणपती. रविवारी मांडणीत 13 आणि 14 शेजारी-शेजारी आणि त्याच पानांवर मंगळवारचं दीड दिवसाचं विसर्जन. सोमवारी मांडणीत तयारीचा रविवार मागच्या पानाच्या टोकाला राहतो. तिथे आदल्या रविवारची यादी चिकटचिठ्ठीवर लिहून नव्या पानावर लावणं बरं.

स्वतः पानं छापून घेणाऱ्यांना एक्सेलमध्ये आठवड्याची पहिली तारीख काढावी लागते. A1 मध्ये कोणतीही तारीख असेल, तर पहिली ओळ त्या आठवड्याचा रविवार देते आणि दुसरी सोमवार:

```
=A1-WEEKDAY(A1)+1
=A1-WEEKDAY(A1,2)+1
```

दुसऱ्या ओळीतला `2` म्हणजे सोमवारला 1 धरून मोजणं. तो लिहायचा राहिला तर प्रत्येक पान रविवारपासून सुरू होईल, आणि मथळ्यात वारांची नावं सोमवारपासून टाकली असतील तर सबंध वहीत वार आणि तारीख एकमेकांशी जुळणार नाहीत. छापण्याआधी A1 मध्ये 3 मे 2026 टाकून बघा. पहिल्या ओळीने 3 मे द्यायला हवा आणि दुसरीने 27 एप्रिल. तपासायला मधला वार घेऊ नका, रविवारच घ्या. दोन्ही उत्तरांमधलं अंतर मधल्या वारी एका दिवसाचं असतं आणि नजरेतून सुटतं, रविवारी ते सहा दिवसांचं असतं.

मांडणी बदलायची असेल तर वर्षाच्या सांध्यावर लक्ष ठेवायला हवं. 2026 चा रविवारी प्लॅनर शेवटच्या पानावर 27 डिसेंबर ते शनिवार 2 जानेवारी 2027 दाखवतो. नवा सोमवारी प्लॅनर 28 डिसेंबरपासून सुरू होत असेल तर काही दिवस दोन्हीकडे येतात, तेवढंच. पण त्याचं पहिलं पान सोमवार 4 जानेवारीचं असेल, तर रविवार 3 जानेवारी कुठल्याच वहीत नाही. आणि नाताळ-नववर्षाच्या सुटीला किनाऱ्यावर आलेली माणसं नेमकी त्याच रविवारी परतायला निघतात. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, शनिवारनंतरच्या आठव्या रकान्यात, "रविवार 3 जानेवारी" आत्ताच लिहून ठेवा.